एकच कविता, तीन वाचने: रूपवाद, संरचनावाद आणि उत्तर-संरचनावाद परीक्षेत वेगळे कसे ठेवावेत?

मृद्गंध

नमस्कार. साहित्यसमीक्षेच्या पेपरात आम्हाला एक अपरिचित कविता देतात आणि तिचे रूपवादी, संरचनावादी व उत्तर-संरचनावादी दृष्टीने विश्लेषण करायला सांगतात. तिन्ही सिद्धांतांवर स्वतंत्र टिपण लिहायचे असले तर मला अडचण येत नाही. कविता समोर आली की मात्र तिन्ही परिच्छेद एकमेकांत मिसळतात. गेल्या सराव परीक्षेत तपासणाऱ्या बाईंनी माझ्या उत्तराच्या समासात एवढेच लिहिले होते: "तिन्ही परिच्छेद एकच आहेत."

आमच्या अभ्यासगटातल्या एका मैत्रिणीने सरावासाठी एक छोटी कविता लिहिली आहे. तिच्या परवानगीने ती इथे देते.

दार लावले. पाऊस बाहेर राहिला.
आत दिवा, आत ऊब, आत माझे नाव.
लाकडाला मात्र रान अजून आठवते;
ते ओल पिते, फुगते, चौकटीत मावत नाही.
दार लावले. दार लागत नाही.

माझे उत्तर थोडक्यात असे होते. रूपवादी परिच्छेदात मी लिहिले की आत आणि बाहेर यांच्या विरोधातून कवितेत ताण निर्माण होतो. संरचनावादी परिच्छेदात लिहिले की आत आणि बाहेर हे कवितेतले मुख्य द्वंद्व आहे. उत्तर-संरचनावादी परिच्छेदात लिहिले की शेवटी हे द्वंद्व मोडते आणि कवितेचे अनेक अर्थ होतात. आता वाचताना बाईंचा शेरा पटतो, पण वेगळे काय लिहायला हवे होते ते उमगत नाही.

रानवाटा

मी हे सोपे करून लक्षात ठेवले आहे. रूपवाद म्हणजे कवितेचे बाह्य रूप: छंद, यमक, अनुप्रास, प्रतिमा. संरचनावाद म्हणजे कवितेची रचना: किती ओळी, कडवी कशी बांधली आहेत, सुरुवात आणि शेवट यांचा संबंध काय. तुमच्या कवितेत पहिली आणि शेवटची ओळ एकाच वाक्याने सुरू होते, हा संरचनावादी मुद्दा झाला. उत्तर-संरचनावाद म्हणजे या दोन्हींना नकार, म्हणजे वाचकाला जो अर्थ लागेल तो खरा. त्या परिच्छेदात तुम्ही स्वतःला जाणवलेला अर्थ मोकळेपणाने लिहावा.

अर्धविराम

रानवाटा, शेवटच्या वाक्याबद्दल मी स्वतःच्या अनुभवावरून सावध करतो. दोन वर्षांपूर्वी मी नेमके हेच केले. कवितेतल्या एका शब्दाचे चार संभाव्य अर्थ काढले, ते एकाखाली एक लिहिले आणि शेवटी "अशा प्रकारे अर्थ निश्चित करता येत नाही" असे म्हणून परिच्छेद संपवला. उत्तरपत्रिकेची प्रत मागवली तेव्हा शेरा दिसला: "ही अनेकार्थता आहे, विरचना नव्हे." त्या प्रश्नाला निम्म्याहून कमी गुण मिळाले. तो शेरा मी पुष्कळ दिवस मनात घोळवला, पण दोन्हींत फरक काय हे मला आजही नीट सांगता येणार नाही. इथे कुणी सांगितले तर मलाही हवे आहे.

जुनी_वही

मी बरीच वर्षे हा विषय शिकवला आणि उत्तरपत्रिकाही तपासल्या, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रानवाटा, तुम्ही नोंदवलेले निरीक्षण चांगले आहे, पण ते चुकीच्या खात्यात गेले आहे. संरचनावादातली संरचना म्हणजे कडव्यांची बांधणी नव्हे. 'संरचना' आणि 'रचना' हे शब्द कानाला इतके जवळचे आहेत की ही चूक दर वर्षी शेकड्याने होते. संरचनावाद्याची संरचना कागदावर दिसत नाही. ज्या संबंधांच्या जाळ्यामुळे शब्दाला अर्थ येतो, ते जाळे म्हणजे संरचना. त्याचा मोठा भाग कवितेबाहेर, भाषेत आणि संस्कृतीत असतो. सोस्यूरच्या व्याख्यानांचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर 1916 मध्ये निघाले. भाषेत कोणत्याही घटकाला मोल येते ते इतर घटकांपासून असलेल्या भेदामुळे, हा विचार संरचनावादाने तिथून उचलला.

मृद्गंध, तुमची अडचण अशी झाली की तुम्ही तिन्ही परिच्छेदांत एकच निरीक्षण घेतले आणि त्याला प्रश्नही एकच विचारला. निरीक्षण एकच असायला हरकत नाही. प्रश्न बदलायला हवा.

आधी रूपवादी वाचन करून पाहू. इथे आत-बाहेर या आशयाला हात लावू नका. ओळी कशा घडवल्या आहेत ते पाहा. दुसऱ्या ओळीत एकही क्रियापद नाही. दिवा, ऊब, नाव या तीन गोष्टी नुसत्या मांडून ठेवल्या आहेत, त्या काही करत नाहीत. चौथ्या ओळीत तीन क्रियापदे एकामागून एक येतात: पिते, फुगते, मावत नाही. माणसाच्या घरात सगळे स्थिर आहे आणि निर्जीव लाकूड मात्र हालचाल करते आहे. आता काळ पाहा. पहिली ओळ भूतकाळात आहे, तिसरी आणि चौथी वर्तमानकाळात. पाचव्या ओळीत दोन्ही काळ शेजारी येतात: "लावले" आणि "लागत नाही". कृती संपली आहे, तिचा परिणाम अजून झालेला नाही. रोज उघडमीट होणाऱ्या दाराकडे आपण बघतही नाही. या ओळींची घडण वाचकाला त्या दारापाशी अडवते आणि दार पुन्हा दिसू लागते. श्क्लोव्हस्कीने 1917 च्या निबंधात ज्याला अपरिचितीकरण म्हटले ते हेच. पण नुसता शब्द लिहून गुण मिळत नाहीत. कोणत्या युक्तीने ते घडले, हे ओळीवर बोट ठेवून दाखवावे लागते.

संरचनावादी वाचनाबद्दल संध्याकाळी लिहिते.

तिसरा_प्रहर

मी स्वतः कविता लिहितो, म्हणून विचारतो. ज्या मैत्रिणीने ही कविता लिहिली तिला विचारले तर प्रश्न लगेच सुटणार नाही का? तिला या ओळींतून काय म्हणायचे होते हे समजले की कोणता सिद्धांत इथे लागू पडतो हेही समजेल. क्रियापदे मोजून कविता हाती लागत नाही असे मला मनापासून वाटते.

मृद्गंध

तिसरा_प्रहर, मी तिला विचारले होते. तिच्या जुन्या घराचे दार पावसाळ्यात फुगून बसायचे, तेवढेच तिच्या मनात होते. पण परीक्षेत कवी समोर नसतो, आणि प्रश्नही "कोणता सिद्धांत लागू पडतो" असा नसतो. तिन्ही लावून दाखवायचे असतात.

तिसरा_प्रहर

समजले. मी प्रश्न वेगळाच धरला होता. तरीही एक सांगतो. दुसऱ्या ओळीत क्रियापद नाही हे मला वाचताना दिसले नव्हते, पण तिथे थांबल्यासारखे मात्र वाटले होते. ते का वाटले, याचे कारण आता सापडले. क्रियापदांबद्दलचे माझे म्हणणे मी मागे घेतो.

जुनी_वही

आता संरचनावादी वाचन. मृद्गंध, "आत आणि बाहेर हे द्वंद्व आहे" असे लिहून तुम्ही थांबलात. द्वंद्व शोधणे ही सुरुवात आहे. पुढची पायरी म्हणजे त्याच्या मागे उभी असलेली रांग. आतच्या बाजूला दिवा, ऊब, नाव, घर. बाहेरच्या बाजूला पाऊस, ओल, रान. दिव्याच्या समोर पाऊस आहे म्हणजे अग्नीसमोर पाणी आहे, आणि उबेसमोर ओल आहे. 'घर' हा शब्द कवितेत कुठेही नाही. तरी रानासमोर आपण तो आपोआप वाचतो, कारण ती जोडी कवितेच्या आधीपासून आपल्या भाषेत आहे. कवितेत नसलेला शब्द व्यवस्थेमुळे कसा हजर होतो, हे दाखवलेत की उत्तर संरचनावादी झाले.

या दोन रांगांच्या मध्ये एक वस्तू आहे आणि कविता तिला दोन नावे देते. पहिल्या आणि पाचव्या ओळीत ती 'दार' आहे, तिसऱ्या ओळीत 'लाकूड'. माणसाच्या कामाची असते तेव्हा दार, रानाची असते तेव्हा लाकूड. इथे एक चाचणी करून पाहावी. तिसऱ्या ओळीत "दाराला मात्र रान अजून आठवते" असे ठेवून बघा. वाक्य व्याकरणात बसते, पण आठवण कुणाची हे कळेनासे होते, कारण दार रानात कधी नव्हतेच, लाकूड होते. मग "लोखंडाला" असे ठेवून बघा. रानाशी असलेला संबंधच तुटतो. शब्द बदलला की संबंध बदलतो का, एवढेच या चाचणीत पाहायचे. चार शब्द बदलून पाहिले की कवितेचे कोणते सांधे भार उचलतात ते हाताला लागते. परीक्षेत अशी एकच अदलाबदल करून दाखवली तरी वाचन कोणत्या पद्धतीचे आहे याबद्दल तपासणाऱ्याला शंका उरत नाही.

शेवटी हे लिहावे की दोन विरुद्ध जगांच्या मध्ये उभी राहणारी वस्तू, म्हणजे दार, उंबरठा, पूल, किनारा, ही असंख्य कथागीतांत येते आणि ही कविता त्या व्यवस्थेतले एक उदाहरण आहे. रूपवादी वाचनात ही कविता एकमेव होती. संरचनावादी वाचनात ती अनेकांपैकी एक होते.

रानवाटा

माझी चूक समजली, धन्यवाद. पण एक शंका राहतेच. याकोबसन आणि लेव्ही-स्ट्राउस यांनी 1962 मध्ये बोदलेअरच्या मांजरांवरच्या सॉनेटचे विश्लेषण केले, ते संरचनावादी म्हणून शिकवले जाते. त्यात तर यमके, नामांची लिंगे, वचने, वाक्यांची मांडणी यांचीच बारीक मोजणी आहे. तुमच्या हिशेबाने तो रूपवाद व्हायला हवा. शिवाय याकोबसनचे नाव रशियन रूपवाद्यांतही येते. मग परीक्षेत त्याला कुठे बसवायचे?

जुनी_वही

शंका अगदी रास्त आहे. याकोबसन दोन्हीकडे होता. मॉस्कोतल्या रूपवादी वर्तुळात त्याची सुरुवात झाली आणि पुढे प्रागमधल्या भाषावैज्ञानिकांबरोबर काम करताना संरचनावाद आकाराला आला. म्हणूनच नावावरून पद्धत ठरवू नये असे मी विद्यार्थ्यांना सांगते. त्या 1962 च्या विश्लेषणात मोजणी आहे हे खरे, पण ती एखादी ओळ परिणामकारक का वाटते हे सांगण्यासाठी केलेली नाही. ध्वनी, व्याकरण, अर्थ अशा वेगवेगळ्या पातळ्यांवर तेच विरोध पुन्हा कसे उमटतात, हे त्यांना दाखवायचे होते. रिफातेरने 1966 मध्ये त्यावर घेतलेला आक्षेप इथे उपयोगी पडतो. यातले कितीतरी आकृतिबंध वाचकाला जाणवतच नाहीत, आणि जे जाणवत नाही ते काव्याचा भाग कसे मानायचे, असे त्याचे म्हणणे होते. रूपवाद्यालाही हा आक्षेप टोचेल, कारण त्याची युक्ती जाणवलीच पाहिजे. संरचनावाद्याचे तेवढे अडत नाही, कारण बोलणाऱ्याला व्याकरणाची जाणीव नसली तरी व्याकरण चालूच असते.

शब्दवेध

मी बराच वेळ वाचत होतो. तिसऱ्या वाचनाकडे अजून कुणी वळलेले नाही आणि अर्धविराम यांचा प्रश्नही तसाच आहे, म्हणून लिहितो.

देरिदाने 1966 मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या परिषदेत जे व्याख्यान दिले, त्या परिषदेचा हेतू अमेरिकेला संरचनावादाची ओळख करून देणे हा होता. त्याच व्यासपीठावर त्याने संरचनेच्या केंद्राविषयी शंका घेतली. यातून परीक्षार्थीने एक गोष्ट उचलावी: उत्तर-संरचनावादी वाचन संरचनावादी वाचनाच्या खांद्यावर उभे असते. जुनी_वही यांनी लावलेल्या दोन रांगा आधी हव्यात. त्या नसतील तर कोसळणार काय?

अनेकार्थतेत एका शब्दाला चार अर्थ असतात आणि ते चारही कवितेत सुखाने नांदतात, एकमेकांना समृद्ध करतात. नवसमीक्षकही असे अर्थ आनंदाने दाखवत आणि शेवटी सगळे ताण कवितेच्या एकात्मतेत जुळवून घेत. विरचनेत कविता एका बाजूला झुकलेली असते, त्या बाजूवर तिची भिस्त असते, आणि तिचेच शब्द ती भिस्त टिकू देत नाहीत.

म्हणून प्रश्न असा विचारावा: या कवितेची भिस्त कशावर आहे? मृद्गंध, "शेवटी द्वंद्व मोडते" असे तुम्ही लिहिले. पण ते तर कविता स्वतःच सांगते आहे, "दार लागत नाही". कवितेने उघड सांगितलेली गोष्ट तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. तो तिचा विषय आहे. तिला जे निश्चित वाटते ते शोधा. मला ते दुसऱ्या ओळीच्या शेवटी दिसते: "आत माझे नाव". पाऊस आत येईल, लाकूड फुगेल, पण नाव आतले आहे याबद्दल कवितेला शंका नाही. आता विचार करा, नाव लावतात कुठे? दारावर, आणि तेही बाहेरच्या बाजूने, परक्याला वाचता यावे म्हणून. आत राहणाऱ्या माणसाला स्वतःच्या नावाची गरजच पडत नाही. ते दुसऱ्याने ठेवलेले असते आणि दुसऱ्याच्या तोंडी वापरले जाते. म्हणजे आतली सर्वांत खाजगी म्हणून ठेवलेली वस्तू बाहेरूनच आलेली आहे. 'माझे' हा कवितेतल्या 'मी'चा एकमेव माग, आणि तो नेमका याच शब्दाला चिकटलेला आहे.

आणखी एक. कविता 'लावणे' या क्रियापदावर उभी आहे. दार लावणे म्हणजे बंद करणे, दिवा लावणे म्हणजे उजळणे, नाव लावणे म्हणजे ते मिरवणे, दाखवणे. दुसऱ्या ओळीत क्रियापद नाही असे जुनी_वही म्हणाल्या. त्या गाळलेल्या जागी दिवा आणि नाव या दोन्हींसाठी भाषा सहज पुरवते ते क्रियापद 'लावणे' हेच आहे. बंद करणारा आणि दाखवणारा शब्द एकच निघतो. हे कवयित्रीने योजले की नाही याने फरक पडत नाही, भाषेने ते आधीच करून ठेवले आहे.

अर्धविराम

दोन वर्षांनी त्या शेऱ्याचा अर्थ लागला. मी चार अर्थ शेजारी शेजारी ठेवले होते, त्यांतला एकही दुसऱ्याला अडचणीत आणत नव्हता. ती कविता कशावर विसंबून आहे हा प्रश्न मला सुचलाच नव्हता.

जुनी_वही

शब्दवेध, 'नाव' या शब्दावरचे वाचन मला पूर्ण पटले. 'लावणे'बद्दल मात्र मतभेद नोंदवते. दुसऱ्या ओळीत ते क्रियापद लिहिलेले नाही, आणि 'ऊब लावणे' असे तर कुणी म्हणतच नाही. तीन नामांपैकी दोघांनाच ते जुळते. गाळलेल्या जागी आपल्या सोयीचा शब्द भरायचा आणि मग तो शब्द कवितेला खोटे पाडतो असे म्हणायचे, यात वाचक पुरावा स्वतःच तयार करतो. तपासताना मी 'नाव'ला पूर्ण गुण देईन, 'लावणे'च्या युक्तिवादाला अर्धे.

शब्दवेध

उबेचा आक्षेप मान्य. पण 'घर' हा न लिहिलेला शब्द तुम्ही स्वतःच रानासमोर वाचलात आणि भाषेत ती जोडी आधीपासून आहे म्हणालात. 'दिवा' म्हटले की 'लावणे' हीदेखील भाषेत आधीपासूनच असलेली जोडी आहे. संरचनावाद्याला न लिहिलेला शब्द वाचायची मुभा असेल तर मला ती का नसावी?

जुनी_वही

'घर' वाचले कारण संपूर्ण रांग ते मागत होती. 'लावणे' एकाच ओळीतली दोन नामे मागतात आणि तिसरे नाकारते. माझ्या लेखी एवढा फरक पुरेसा आहे, तुमच्या लेखी नसेल. या बाबतीत आपण दोघे सहमत होऊ असे मला वाटत नाही.

रानवाटा

वेळेचे कसे करायचे? इतके सगळे 40 मिनिटांत लिहून होणार नाही.

जुनी_वही

रानवाटा, लिहायचे नसतेच. प्रत्येक वाचनासाठी कवितेतली एकच जागा निवडावी आणि तिथेच मुक्काम करावा. इथे रूपवादासाठी पाचव्या ओळीतले दोन काळ, संरचनावादासाठी दार आणि लाकूड ही दोन नावे, आणि तिसऱ्यासाठी 'माझे नाव'. पहिली दहा मिनिटे लेखणी खाली ठेवून या तीन जागा शोधण्यात घालवली तर ती वाया जात नाहीत. लिहून झाल्यावर एक परीक्षा घ्यावी: तिन्ही परिच्छेदांची शीर्षके झाकून त्यांची आपसांत अदलाबदल करावी. काहीच बिघडले नाही, तर मृद्गंध यांना मिळालेला शेरा पुन्हा मिळणार.

मृद्गंध

सर्वांचे आभार. मी तिसरा परिच्छेद पुन्हा लिहून पाहिला, तो इथे देते.

"या कवितेत आत आणि बाहेर यांच्या दोन रांगा आहेत आणि दार त्यांच्या मध्ये उभे आहे. दार लागत नाही हे कविता स्वतः सांगते, त्यामुळे सीमा सैल होणे हा तिचा विषयच आहे. परंतु सीमा सैल झाली तरी आत काहीतरी नक्की आपले आहे, यावर ती विसंबून राहते आणि त्या आपलेपणाला 'माझे नाव' म्हणते. नाव मात्र दुसऱ्याने दिलेले आणि दुसऱ्याने उच्चारायचे असते. म्हणून ज्या शब्दाने कविता आतला माणूस ठरवते, तो शब्द रानातून आलेल्या लाकडासारखाच बाहेरचा आहे, आणि दार लागले असते तरी बाहेरचे आत असतेच."

'लावणे' मी सध्या घेतलेले नाही. मैत्रिणीला हे वाचून दाखवले. नावाचा असा विचार तिने लिहिताना केला नव्हता. पण ती ओळ तिने आधी "आत माझी माणसे" अशी लिहिली होती आणि मग खोडली, असे तिने आता सांगितले.

शब्दवेध

परिच्छेद उत्तम झाला आहे. शेवटचे वाक्य तेवढे तपासा. "बाहेरचे आत असतेच" असे ठाम विधान केले की तुम्ही एक द्वंद्व मोडून त्याच्या जागी नवा सिद्धांत बसवता. "दार लागले असते तरी आत नेमके काय उरले असते, हे ही ओळ सांगू शकत नाही" इथपर्यंत थांबलात तर वाचन कवितेपाशी राहील. आणि मैत्रिणीचा तो खोडलेला शब्द जपून ठेवा. "आत माझी माणसे" असे घालून जुनी_वही यांची अदलाबदलीची चाचणी करून पाहा, माझे अख्खे वाचन पडते की नाही ते बघा.

जुनी_वही

मी आत्ताच करून पाहिली. पडते. माणसे दारावर लावता येत नाहीत.